शब्दचर्चा: घराचा बिंदू रस्त्यावर 'टेकवणे' आणि 'पोहोच अंतर'

शाईदौत
घरांच्या सर्वेक्षणाची मार्गदर्शिका मराठीत लिहिते आहे. घरं बिंदूंच्या थरात आहेत आणि रस्ते रेषांच्या. प्रत्येक घराचा बिंदू सर्वांत जवळच्या रस्त्याच्या रेषेवर नेऊन तिथून अंतर मोजायचं आहे. या नेण्याला सगळे 'स्नॅप करणे' म्हणतात. मराठीत चिकटवणे, खेटवणे, टेकवणे असे शब्द सुचले. यातला कोणता घ्यावा? आणि जे अंतर निघतं त्याला 'पोहोच अंतर' म्हटलं तर चालेल का? वाचणारे लोक हे काम स्वतः करणार आहेत, त्यामुळे शब्द वाचून चुकीची कृती होऊ नये एवढीच काळजी आहे.

बांधावरून
'चिकटवणे' घ्या, सगळ्यांना कळतं. क्यूजीआयएसमध्ये चुंबकाचं बटण दाबायचं, टॉलरन्स १० पिक्सेल ठेवायचा, की रेषेचं टोक दुसऱ्या रेषेला आपोआप चिकटतं. आमच्याकडे शेतांच्या हद्दी काढताना दोन रेषांमध्ये फट राहायची, ती यानेच बंद झाली.

मोजपट्टी
तुम्ही सांगताय ते रेखाटतानाचं स्नॅपिंग आहे. तिथे चुकीच्या जागी पडलेलं टोक खरोखर हलवायचं असतं, म्हणून 'चिकटवणे' शोभतं. इथे घर जागच्या जागी राहिलं पाहिजे. रस्त्यावर एक नवा बिंदू तयार होतो, आणि घर व तो बिंदू यांना जोडणारी एक छोटी रेषा. घराचा बिंदूच उचलून रस्त्यावर ठेवला तर मूळ जागा पुसली जाते. मग घर ते रस्ता हे अंतर सगळ्या घरांसाठी शून्य येतं आणि तक्ता बघून चूक लक्षातही येत नाही.

म्हणून माझं मत 'टेकवणे'. शिडी भिंतीला टेकवली तरी तिचा पाय जमिनीवरच असतो, तसं. टेकलेल्या बिंदूला 'टेकबिंदू' आणि मधल्या रेषेला 'जोडरेषा' म्हणा. 'जोडरस्ता' मात्र म्हणू नका. तो बांधलेला रस्ता असतो, ही फक्त हिशेबातली रेषा आहे.

त्रिज्या
नवा शब्द कशाला घडवायचा? भूमितीत 'लंबपाद' आहेच. बिंदूतून रेषेवर लंब टाकला की रेषेवर मिळतो तो लंबपाद, आणि लंबाची लांबी हेच सर्वांत कमी अंतर.

मोजपट्टी
सरळ आणि अमर्याद रेषेसाठी बरोबर. रस्ता मात्र तुकड्यातुकड्यांची मोडती रेषा असते आणि तिला टोकं असतात. घर रस्त्याच्या टोकापलीकडे असेल तर लंब रेषेच्या बाहेर पडतो आणि जवळचा बिंदू म्हणजे ते टोकच. वळणाच्या बाहेरच्या बाजूला घर असेल तर दोन्ही तुकड्यांवरचे लंब चुकतात आणि टेकबिंदू कोपऱ्यावर येतो. 'लंबपाद' वाचून कुणी फक्त लंब काढणारं सूत्र लिहिलं, तर ही घरं एकतर गळतील किंवा दूरच्या दुसऱ्या रस्त्यावर जाऊन बसतील.

हाच गोंधळ फंक्शनच्या नावातही आहे. पोस्टजीआयएसमध्ये `ST_Snap` दिसलं की लोक तेच वापरतात. पण ते बिंदूला समोरच्या रेषेच्या शिरोबिंदूंकडे ओढतं, तेही दिलेल्या टॉलरन्सच्या आत असतील तरच. लांब सरळ रस्त्याच्या मधोमध शिरोबिंदू नसतात, त्यामुळे तिथली घरं जागची हलतच नाहीत. आपल्याला हवं ते असं:

```sql
SELECT h.id, r.id AS rasta_id,
       ST_ShortestLine(h.geom, r.geom)    AS jodresha,
       ST_Distance(h.geom, r.geom)        AS jod_m,
       ST_LineLocatePoint(r.geom, h.geom) AS bhag
FROM ghar h
CROSS JOIN LATERAL (
  SELECT id, geom FROM rasta
  ORDER BY geom <-> h.geom
  LIMIT 1
) r;
```

`bhag` म्हणजे टेकबिंदू रस्त्याच्या सुरुवातीपासून कितव्या अंशावर आहे, ० ते १ मध्ये. रस्त्याचा थर मल्टिलाइनस्ट्रिंग असेल तर हा स्तंभ काढताना क्वेरी त्रुटी देऊन थांबते. आधी `ST_Dump` ने रेषा सुट्या करा.

शाईदौत
'टेकवणे' मला पटलं. आता अंतराचं सांगा. जोडरेषेची लांबी म्हणजेच पोहोच अंतर ना?

त्रिज्या
हो. ग्रामीण पोहोच निर्देशांकात हेच असतं: बारमाही रस्त्यापासून २ किमीच्या आत राहणाऱ्या ग्रामीण लोकसंख्येचं प्रमाण. शाश्वत विकास उद्दिष्टांतला ९.१.१ हा निर्देशक. रस्ता गाठला की मोजणी संपली.

मोजपट्टी
त्या निर्देशांकापुरतं खरं आहे. पण शाळा किंवा दवाखान्याचं पोहोच अंतर म्हणतात तेव्हा जोडरेषा आणि त्यापुढचं रस्त्यावरून जाणारं अंतर यांची बेरीज अभिप्रेत असते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. मार्गदर्शिकेत 'रस्त्यापर्यंतचं अंतर' आणि 'ठिकाणापर्यंतचं अंतर' असे दोन स्तंभ ठेवा आणि नुसतं 'पोहोच अंतर' कुठेच लिहू नका.

फरक किती पडतो ते एका उदाहरणात बघा. सगळे आकडे मीटरमध्ये. रस्ता अ (०,०) पासून ब (२००,०) पर्यंत सरळ जातो, तिथे काटकोनात वळून क (२००,१५०) ला संपतो. एकूण लांबी ३५०. घर (१५०,६०) वर आहे आणि शाळा अ वर.

घरापासून अब तुकडा ६० वर आहे आणि बक तुकडा ५० वर. बक जवळचा, म्हणून टेकबिंदू (२००,६०). `bhag` येईल २६०/३५०, म्हणजे सुमारे ०.७४३. रस्त्यापर्यंतचं अंतर ५०. शाळेपर्यंत ५० + ६० + २०० = ३१०.

आता तेच घर अब वर टेकवा. जोडरेषा ६०, पुढे रस्त्याने १५०, एकूण २१०. म्हणजे सर्वांत जवळ टेकवल्यामुळे मार्ग १०० मीटरने लांबला. माणूस काही आधी शाळेच्या विरुद्ध दिशेला चालत जाऊन मग वळणार नाही. हवाई अंतर सुमारे १६२ आहे, म्हणजे तेही दोन्हींपैकी कशाशी जुळत नाही.

उत्तरायण
याच उदाहरणात जीपीएसची चूकही बघण्यासारखी आहे. घराची नोंद ११ मीटर पश्चिमेला पडली, (१३९,६०) वर, तर बक ६१ वर जातो आणि अब ६० वरच राहतो. टेकबिंदू उडी मारून (१३९,०) वर येतो आणि शाळेचं अंतर ३१० वरून थेट १९९ होतं. झाडांखाली किंवा उंच इमारतींच्या मध्ये मोबाइलची नोंद एवढी सहज सरकते. दोन तुकडे जवळपास सारख्याच अंतरावर असलेली घरं वेगळी काढून ठेवावीत. पहिल्या आणि दुसऱ्या जोडरेषेतला फरक नोंदीच्या अपेक्षित चुकीपेक्षा कमी असेल, तर त्या घराच्या आकड्यावर विसंबू नये.

शाईदौत
मग जवळच्या एकाऐवजी तीन रस्ते घेतले आणि एकूण अंतर कमी येईल तो ठेवला, तर? `LIMIT 3` केलं की झालं?

मोजपट्टी
कल्पना बरोबर आहे, पण या क्वेरीत ती फसते. अ-ब-क ही एकच ओळ आहे, त्यामुळे तिच्यावरून एकच टेकबिंदू मिळतो, ५० मीटरवाला. ६० वाला पर्याय पुढे येतच नाही. आधी `ST_DumpSegments` ने रेषांचे तुकडे पाडा. ते पोस्टजीआयएस ३.२ पासून आहे. त्यानंतर `LIMIT` वर थांबू नका. नागमोडी रस्त्याला बारीक तुकडे फार असतात, आणि जवळचे तिन्ही एकाच ठिकाणचे निघतात. त्याऐवजी `ST_DWithin` ने ठरावीक अंतरातले सगळे तुकडे घ्या. उदाहरणार्थ, पहिल्या जोडरेषेच्या दीडपट अंतरातले. इथे ७५ च्या आत दोन्ही तुकडे येतात.

बांधावरून
आमच्या थरात अंतर ०.०००५ असं येतं. मीटर कसे करायचे? एक लाख अकरा हजाराने गुणलं तर चालतं का?

उत्तरायण
तुमचा थर अंशांत आहे. अक्षांशाच्या दिशेने तो गुणाकार साधारण बरोबर येतो, रेखांशाच्या दिशेने येत नाही, आणि विषुववृत्तापासून जितकं दूर तितका जास्त चुकतो. मोठी चूक गुणाकाराच्याही आधी झालेली असते, ती रस्ता निवडताना. ६० अंश अक्षांशावर एक रस्ता पूर्वेला ०.००१० अंशांवर आहे आणि दुसरा उत्तरेला ०.०००८ अंशांवर. अंशांच्या हिशेबाने उत्तरेचा जवळ. प्रत्यक्षात पूर्वेचा सुमारे ५६ मीटरवर आहे आणि उत्तरेचा ८९ वर. दोन्ही थर आधी त्या भागाच्या यूटीएम विभागात `ST_Transform` करा, मग टेकवा.

त्रिज्या
आणखी एक. टेकबिंदूवर रस्ता तोडून जाळ्यात नवी गाठ घालायची असते ना? `ST_ClosestPoint` चा बिंदू घेऊन `ST_Split` केलं तर काही रस्ते तुटतच नाहीत.

मोजपट्टी
कारण दशांशांच्या मर्यादेमुळे तो बिंदू रेषेच्या केसभर बाजूला पडतो आणि `ST_Split` ला तो रेषेवर दिसत नाही. `bhag` वापरून `ST_LineSubstring` ने ० ते `bhag` आणि `bhag` ते १ असे दोन तुकडे घ्या. `bhag` नेमका ० किंवा १ असेल तर तोडू नका, एक तुकडा रेषेऐवजी नुसता बिंदू निघतो. पीजीराउटिंगच्या `pgr_withPoints` ला तर रस्त्याचा क्रमांक आणि हा अंश एवढंच पुरतं, काही तोडावं लागत नाही.

शाईदौत, तुमच्या मार्गदर्शिकेत तपासणीची एक पायरी हवीच. सगळ्या जोडरेषा नकाशावर काढा आणि लांबीच्या उतरत्या क्रमाने पहिल्या काही डोळ्यांनी बघा. नदी, लोहमार्ग किंवा कुंपण घातलेला द्रुतगती मार्ग ओलांडणाऱ्या जोडरेषा `ST_Intersects` ने वेगळ्या काढा. द्रुतगती मार्गावर घर टेकलं तर आकडा छान लहान येतो, पण तिथे चढायला वाटच नसते. असे रस्ते टेकवण्याच्या यादीतून वगळायचे, जाळ्यातून मात्र नाही. तसंच मुख्य जाळ्याशी न जोडलेल्या सुट्या तुकड्यावर घर टेकलं की मार्गच मिळत नाही आणि अंतर रिकामं राहतं. अंतर रिकामं राहिलेलं घर 'फार दूर' म्हणून मोजू नका.

उत्तरायण
एका बाबतीत मी सहमत नाही. जोडरेषेचा एक मीटर आणि रस्त्याचा एक मीटर तुम्ही सारखा धरताय. मधे शेत किंवा दुसऱ्याचं आवार असेल तर माणूस सरळ जात नाही. जोडरेषेला १ पेक्षा मोठ्या गुणकाने गुणायला हवं.

मोजपट्टी
गुणक कुठून आणणार? पायवाटांचा थर असेल तर पायवाटाच जाळ्यात घाला, जोडरेषा आपोआप आखूड होतील. थर नसेल तर गुणक हा अंदाजच राहतो. शिवाय गुणक लावला की टेकबिंदूची निवडही पालटू शकते. उदाहरणातल्या घराला २१० आणि ३१० मध्ये मोठी फट आहे म्हणून बदल होत नाही, पण फट लहान असलेल्या घरांत होईल.

उत्तरायण
अंदाज असला तरी १ हाही अंदाजच आहे. थोड्या घरांवर प्रत्यक्ष चालून मोजलं तर त्या भागापुरता गुणक काढता येईल.

शाईदौत
म्हणजे 'टेकवणे', 'टेकबिंदू', 'जोडरेषा' आणि अंतराचे दोन स्तंभ घेते. जोडरेषेची मूळ लांबी वेगळ्या स्तंभात ठेवते, म्हणजे गुणक नंतर लावता येईल. 'टेकबिंदू' हा एक शब्द की 'टेक-बिंदू' असं लिहायचं?

त्रिज्या
एकच शब्द. माझं मन अजून 'लंबपाद'वरच आहे, निदान सरळ तुकड्यांसाठी तरी.