मदत हवी आहे : आयव्हीएफ सायकल रद्द, क्लिनिकला पत्र कसं लिहावं?

आमची सायकल अंडी काढण्याआधीच रद्द झाली. कारण तोंडी एवढंच सांगितलं, 'रिस्पॉन्स कमी आला.' बिलात मात्र 'आयव्हीएफ पॅकेज' अशी एकच ओळ आणि पूर्ण रक्कम! भूल दिली नाही, अंडी काढली नाहीत, लॅबमध्ये भ्रूण वाढवले नाहीत, मग हे पैसे कशाचे?

पत्राचा कच्चा मसुदा असा केलाय :

"कृपया सोनोग्राफी, रक्ततपासण्या, इंजेक्शनं आणि न झालेल्या प्रक्रिया यांचा वेगवेगळा हिशेब द्यावा. इंजेक्शनांची नावं, रोजचा डोस, बॅच क्रमांक आणि न वापरलेल्या पेनची नोंद द्यावी. प्रत्येक सोनोग्राफीतली फॉलिकलची संख्या व मापं, एस्ट्राडिओलचे आकडे आणि सायकल थांबवण्याचं कारण लेखी कळवावं."

फॉलिकलची मापं मुद्दाम मागतोय. वाढ सुरुवातीपासूनच कमी होती की एकच फॉलिकल पुढे निघून गेलं, हे त्यावरून कळेल आणि दुसऱ्या डॉक्टरांना पुढचा डोस ठरवता येईल.

अडचण ही की पैशांचा वाद आणि वैद्यकीय कागद एकाच पत्रात मागितले, तर हिशेब मिटेपर्यंत कागद अडवतील अशी नवऱ्याला भीती वाटते. दोन पत्रं करावीत का? संमतिपत्रात परताव्याची अट नक्की कुठे शोधायची? कुणी हे केलंय का?