हेड अँड शोल्डर फसला हे ठरवायचं कुठं: नेकलाइनवर की उजव्या खांद्यावर?

उदगीरवाला
शेअरचं नाव सांगत नाही, उगाच फाटे फुटतात. डेली चार्ट. ३१० पासून चढत आला. डावा खांदा ४६२, खाच ४२०, डोकं ४९८, दुसरी खाच ४२६, उजवा खांदा ४६६. मग एक दिवस ४२१ ला बंद दिला आणि मी तिथंच फ्युचर शॉर्ट केला, १,२५० चा एक लॉट. टार्गेट काढलं ३४३. भाव ४०८ पर्यंत गेला, मी मनात पैसे मोजायलो, आणि तिथून फिरला. ४७१ ला बाहेर पडलो, ६२,५०० गेले. पॅटर्न फसलाय हे मला नेमकं कोणत्या दिवशी कळायला पाहिजे होतं?

परभणीकर
ज्या दिवशी ब्रेक झाला त्याच दिवशी! व्हॉल्यूम बघितला होता का? ब्रेकला व्हॉल्यूम नसेल तर तो ब्रेक खोटा. मी तर नियमच केलाय, व्हॉल्यूम नाही तर हात नाही लावायचा.

उदगीरवाला
व्हॉल्यूम रोजच्यापेक्षा थोडा कमीच होता, खरंय. पण बरेच जण म्हणतात खाली पडायला व्हॉल्यूम लागत नाही.

नांदेडचे मास्तर
परभणीकर, तुमचा नियम वरच्या ब्रेकला चांगला आहे. खाली जाताना घेणारा बाजूला सरकला तरी भाव घरंगळतो, त्याला गर्दी लागत नाही. त्यामुळे त्या दिवशीच्या कमी व्हॉल्यूमवरून उदगीरवाल्यांना काहीच ठरवता आलं नसतं. व्हॉल्यूम बघायचा होता तो नंतर, भाव परत वर आला तेव्हा.

आधी टार्गेट. ३४३ कुठून आलं ते मला दिसलं. ४९८ मधून ४२० वजा केले, ७८ आले आणि ते ४२१ च्या बंद भावातून काढले. दोन्हीकडं चूक झाली. तुमच्या दोन खाचा एका पातळीवर नाहीत, त्यांना जोडणारी नेकलाइन किंचित वर चढते. दोन खाचांमध्ये ट्रेडिंगचे दिवस किती होते?

उदगीरवाला
२४. डोकं साधारण मध्यावर. आणि दुसऱ्या खाचेनंतर २० व्या दिवशी ब्रेक.

नांदेडचे मास्तर
मग बघा. २४ दिवसांत रेषा ६ रुपये चढली, म्हणजे दिवसाला चार आणे. डोक्याच्या बरोबर खाली ती ४२३ ला होती, म्हणून उंची ७५. ब्रेकच्या दिवशी ती ४२६ अधिक ५, म्हणजे ४३१ ला होती. उंची रेषेपासून मोजली, तर ती वजाही रेषेतूनच करायची, तुम्हाला मिळालेल्या भावातून नाही. टार्गेट ३५६. तेरा रुपयांचा फरक किरकोळ वाटतो, पण या चुकीमुळं तुम्ही रेषा ४२० लाच धरून बसलात. भाव परत आला तेव्हा तुम्ही कोणत्या आकड्याकडं बघत होतात?

उदगीरवाला
४२० कडंच. ब्रेकनंतर आठवडाभरात ४३० ला आला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. पण थांबून दोन दिवस परत खाली गेला, तेव्हा हायसं वाटलं. अकराव्या दिवशी ४३८ ला बंद. त्या दिवशी व्हॉल्यूम दुप्पट. मी म्हटलं, मागच्यासारखाच पुलबॅक आहे, जाईल खाली.

नांदेडचे मास्तर
इथंच उत्तर आहे. ४३० ला आला तेव्हा रेषा ४३२ च्या आसपास होती. भाव तिला खालून टेकायला आला आणि परतला. हा साधा पुलबॅक, याला घाबरायचं कारणच नव्हतं. अकराव्या दिवशी रेषा ४३४ च्या जरा खाली आणि बंद ४३८, तोही दुप्पट व्हॉल्यूमवर. रेषेच्या वर बंद झाला आणि वर घेणारे आले. माझ्या मते तुमचा पॅटर्न त्या संध्याकाळी मेला.

जालन्याची ताई
मास्तर, इथं माझं तुमच्याशी जमत नाही. नेकलाइनवर चार रुपये वर बंद झाला म्हणून मेला? मी अशी दोनदा बाहेर फेकली गेलेय. दोन्ही वेळा दोन-तीन दिवसांनी भाव खाली आला आणि टार्गेटला गेला, मी काठावर बसून बघत होते. उजवा खांदा ४६६ आहे. तो ओलांडत नाही तोवर वरचे उंचवटे एकेक करून खाली येतायत ही गोष्ट खरीच आहे ना? मग फसला कुठं? माझा स्टॉप ४६७.

नांदेडचे मास्तर
आकाराच्या हिशेबानं तुमचं बरोबर आहे. पैशाच्या हिशेबानं बघा. ४२१ ला शॉर्ट, स्टॉप ४६७: जोखीम ४६, ३५६ पर्यंत मिळकत ६५. दहापैकी चारहून जास्त वेळा पूर्ण टार्गेट मिळालं तरच बरोबरी. माझ्या पद्धतीत दुसऱ्या दिवशी सकाळी ४४० ला बाहेर, जोखीम १९. चारात एकदा मिळालं तरी भागतं. तुम्ही म्हणता तसं मी जास्त वेळा फेकला जाणार, मान्य. पण परत रेषेखाली बंद दिला तर परत शॉर्ट करायला कुणी अडवलंय?

जालन्याची ताई
मन अडवतं, मास्तर. एकदा मार खाल्ल्यावर त्याच शेअरमध्ये परत शॉर्ट करणारा मला दाखवा.

लातूर आडत
आमचंही असंच झालं बघा. सोयाबीनचं फ्युचर डिसेंबर २०२१ मध्ये बंद झालं, म्हणून मी बाजार समितीचे रोजचे भाव वहीत काढून रेघ ओढतो. ४,७५० ला टेकला, ४,५२० ला आला, परत ४,७४० ला जाऊन वळला. म्हटलं डबल टॉप. ४,६१० ला सगळा माल काढला. पुढं ४,९०० बघितला. डबल टॉप फेल!

परभणीकर
दादा, तो फेल नाही झाला. तो बनलाच नव्हता! मधली खाच ४,५२० तुटली का?

लातूर आडत
नाही तुटली. पण दोन शेंड्या तर सारख्या होत्या की.

नांदेडचे मास्तर
यावेळी परभणीकरांना पूर्ण मार्क. ४,५२० च्या खाली बंद होईपर्यंत त्याला दोन शेंड्यांची चाल म्हणायचं, बस. तुटला असता तर उंची २३० आणि टार्गेट ४,२९०. आणि आडतीच्या भावात एक दिवस ओला माल, दुसऱ्या दिवशी सुकलेला. तुमच्या वहीतल्या शेंडीचं टोक ओलाव्यानंही पन्नास-शंभरनं हलतं. त्या भावांवर मी दहा रुपयांच्या हिशेबाची रेघ ओढणार नाही.

लातूर आडत
ओलावा आमाला शिकवू नका सायेब, आमी त्यातच म्हातारे झालो. पण खाच तुटली नव्हती हे पटलं.

उदगीरवाला
मूळ मुद्द्यावर. मास्तरांच्या पद्धतीनं ४४० ला निघालो असतो तर १९ गुणिले १,२५०, म्हणजे २३,७५० गेले असते. ६२,५०० पेक्षा बरं. ताईंचा स्टॉप ४६७ ला असता तरी मला ४७१ च मिळालं असतं, कारण त्या सकाळी गॅपनं ४७१ लाच उघडला. अर्धा रेषेवर, अर्धा खांद्यावर काढावा असं मनात आलं. पण लॉट एकच आहे, अर्धा कसा काढू?

जालन्याची ताई
गॅपचं मान्य, तो धोका माझ्या पद्धतीत जास्त आहे. फ्युचरऐवजी पुट घेतला असता तर भरलेल्या प्रीमियमपेक्षा जास्त गेलं नसतं, खांद्यापर्यंत थांबायची हिंमतही झाली असती.

नांदेडचे मास्तर
आणि अकरा दिवस पुटचा प्रीमियम वितळला असता तो? भाव ४०८ ला गेला, म्हणजे ७५ मधले २३ च रुपये खाली आला आणि तिथूनच फिरला.

जालन्याची ताई
पुढच्या महिन्याचा घ्यायचा. महाग पडतो, पण रात्री झोप येते.

परभणीकर
उदगीरवाले, आता तो शेअर कुठंय?

उदगीरवाला
४८९. ४६६ च्या वर गेल्यावर चार दिवसांत. माझ्यासारखे सगळे शॉर्टवाले एकदमच पळायलेत वाटतं. ४९८ च्या वर बंद दिला तर उलटा, खरेदीचा सौदा घ्यावा का, यावर डोकं चालवायलोय. मास्तर काय म्हणतात ते बघू.