मुलाखतीनंतरचा मेसेज: आभार मानायचे की धन्यवाद द्यायचे?

ओवी_नाशिक
बचतगटांचं काम करणाऱ्या एका संस्थेत तालुका समन्वयक पदासाठी मंगळवारी मुलाखत दिली. सगळं बोलणं मराठीतच झालं, म्हणून मेसेजही मराठीत पाठवायचा आहे. हा लिहून ठेवलाय:

‘हाय मॅम, थँक्यू सो मच कालबद्दल! खूप भारी वाटलं बोलून. रिझल्ट कधी कळेल? 🙏🙏’

सुधारायला गेले की थेट तहसीलदारांना केलेला अर्ज होतो. मधलं काही आहे का?

जुना_जाणता
आधी एक लक्षात ठेव. धन्यवाद हिंदी, आभार मराठी. आणि ‘धन्यवाद मानते’ हे तर चूकच.

शाई_टाक
दुसरं बरोबर, पहिलं नाही. दोन्ही शब्द संस्कृतातून आलेत आणि मराठीत दोन्ही मुरलेत. फरक क्रियापदाचा: धन्यवाद देतात, आभार मानतात. शिवाय आभार नेहमी अनेकवचनी, ‘आपला आभार’ होत नाही. पण चिठ्ठीत मला ‘आभारी आहे’ बरं वाटतं, कारण नुसतं ‘धन्यवाद!’ दुकानातल्या पावतीच्या तळाशीही छापलेलं असतं. तू लिहिणार असशील तर ‘मी आपली आभारी आहे’.

‘भारी वाटलं’च्या जागी ‘अत्यंत आनंद झाला’ घालू नकोस. ते नुसतं कपडे बदलणं झालं. बाईंनी विचारलं काय होतं?

ओवी_नाशिक
गटातल्या दोघी हप्ता भरेनाशा झाल्या तर काय कराल, असं. मी म्हटलं, आधी घरी जाऊन बोलेन. मग त्यांनी एका गटाची बैठकीची नोंदवही दाखवली. तीन महिने कोरी होती.

शाई_टाक
मग चिठ्ठी तिथेच आहे:

‘नमस्कार मॅडम,
तालुका समन्वयक पदाच्या मुलाखतीसाठी मंगळवारी वेळ दिल्याबद्दल मी आपली आभारी आहे. आपण दाखवलेली नोंदवही पाहून लक्षात आले की थकलेल्या हप्त्याची सुरुवात बैठका बंद पडण्यापासून होत असावी. घरी जाऊन बोलण्याआधी मी नोंदवही तपासेन. आणखी कागदपत्रे हवी असल्यास कळवावे.’

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. निकालाचा प्रश्न काढलाय. आभाराच्या शेपटीला तो जोडला की आभार त्याच्यासाठीच होते असं वाटतं. ‘कालबद्दल’ही नको, मेसेज दोन दिवसांनी वाचला तर काल कुठला?

पहाटे_अभ्यास
माझी लोकसेवा आयोगाची मुलाखत आहे. पॅनेलमधल्या सदस्यांना असंच पाठवू का?

शाई_टाक
मुळीच नाही. तिथे सदस्यांशी खासगी संपर्क करायचा नसतो. हे संस्था-कंपन्यांपुरतं.

ओवी_नाशिक
परत आले! ‘आठ दिवसांत कळवू’ म्हणाले होते, आज अकरावा दिवस. आता हा: ‘मॅडम, माझं काय झालं? स्मरण म्हणून पाठपुरावा करत आहे.’

जुना_जाणता
पाठपुरावा छान शब्द आहे की. राहू दे.

शाई_टाक
रस्त्याच्या खड्ड्यासाठी नगरपालिकेत करतात तो पाठपुरावा. समोरचा काम टाळतोय असं त्यात गृहीत असतं. ‘स्मरण’मध्ये ‘तुम्ही विसरलात’ दडलेलं. चौकशी लागली की माणूस दचकतो आणि विचारपूस आजाऱ्याची करतात. म्हणून नामच नको, सरळ वाक्य लिही:

‘नमस्कार मॅडम, तालुका समन्वयक पदाबाबत आठ दिवसांत कळवू, असे आपण मुलाखतीच्या वेळी सांगितले होते. निर्णय झाला असल्यास किंवा त्याला अजून वेळ लागणार असल्यास कृपया कळवावे.’

‘वेळ लागणार असल्यास’ मुद्दाम ठेवलंय. निर्णय झाला नसेल तरी त्यांना उत्तर देता येतं.

गोव्याची_सून
‘कळवावे’ मला नोटीस बोर्डासारखं वाटतं. मी ‘कळवाल का?’ लिहिते.

शाई_टाक
बोलीच्या जवळ जाणारी चिठ्ठी असेल तर चालेल. पण मग वरचं ‘असे’, ‘सांगितले’सुद्धा ‘असं’, ‘सांगितलं’ करा. निम्मं छापील आणि निम्मं बोलीत झालं की कुठून तरी उचलल्यासारखं दिसतं.

ओवी_नाशिक
एक राहिलंच. तिथे शिपायापासून सगळे त्यांना ‘ताई’ म्हणतात. मुलाखतीत मीही दोनदा म्हणून गेले. आता ‘मॅडम’ लिहिलं तर परकं नाही वाटणार?

जुना_जाणता
नोकरी लागेपर्यंत मॅडमच. ताई म्हणणं म्हणजे सलगी.

गोव्याची_सून
मला नाही पटत. संस्थेत ‘ताई’ हेच मानाचं संबोधन असतं. समोर ताई आणि कागदावर मॅडम, तर बाई विचारतील, ही तीच मुलगी का?

शाई_टाक
इथे मी अडलो. त्यांनी तुला ‘तुम्ही’ म्हटलं होतं की ‘तू’?

ओवी_नाशिक
सुरुवातीला तुम्ही. नोंदवही दाखवताना तू.