शब्दचर्चा: संमतीपत्रातली ‘पिशवी’ आणि ‘आवश्यक ती अन्य शस्त्रक्रिया’

जुळे_सोलापूर: इथल्या एका छोट्या हॉस्पिटलचं संमतीपत्र सोपं करून द्यायचंय. पित्ताशयात खडे झाले की दुर्बिणीतून जे ऑपरेशन करतात त्याचं. वाचणारी बाई पहिल्यांदाच असला कागद हातात घेणार असं धरून चाललेय. बाकी जमलं, पण एक वाक्य अडलंय. मूळ असं आहे: “शस्त्रक्रियेदरम्यान उद्भवणाऱ्या अनपेक्षित परिस्थितीत आवश्यक वाटेल ती अन्य अथवा अतिरिक्त शस्त्रक्रिया करण्यास मी संमती देत आहे.” मी केलं: “ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांना योग्य वाटेल ते करायला माझी हरकत नाही.” वाचायला सोपं झालं पण अर्थ तोच राहिला का? आणि ‘पित्ताशय’ला सगळे ‘पिशवी’ म्हणतात, मग तेच ठेवू का?

सात_रस्ता: वकिलाकडं बसतो म्हणून सांगतो, ‘संमती’ हा शब्द हलवू नका. ‘हरकत नाही’, ‘परवानगी’ वगैरे कोर्टात टिकत नाही. आणि शेवटी नवऱ्याची नाहीतर मुलाची सही घ्यायची, म्हणजे पेशंट नंतर फिरला तरी घरचे बांधलेले राहतात.

होटगी_रोडवाली: वीस वर्षं भूल देतेय, हे फॉर्म रोज बघते. सात रस्तावाले, ‘संमती’ ठेवायला काहीच हरकत नाही, तो शब्द लोकांना कळतोही. पण ‘परवानगी’ लिहिली म्हणून कागद पडतो असं नाही. करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम १३ मध्ये संमतीचा अर्थच असा दिलाय की दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केलेली पाहिजे. शब्द भारदस्त असून उपयोग नाही, दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट पाहिजे. नवऱ्याच्या सहीचं तर सोडाच. बाई सज्ञान आहे, शुद्धीत आहे, तर निर्णय तिचा. नवरा साक्षीदार म्हणून सही करू शकतो, तिच्या जागी नाही.

जुळे सोलापूर, आता तुमचं वाक्य. ते सोपं झालं पण मूळापेक्षा मोठंही झालं ना! मुळात निदान ‘आवश्यक’ तरी होतं, तुमच्यात ‘योग्य वाटेल ते’ आलं. म्हणजे डॉक्टरला मोकळं रान. मूळ वाक्यही काही धड नाही, कारण ‘अन्य’ म्हणजे कोणती हे कुठंच नाही.

याच्यावर सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल आहे, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. बाई ४४ वर्षांची. तपासणीसाठी दुर्बिण घालायची म्हणून सही केली, फॉर्मवर पोट उघडावं लागू शकतं असंही लिहिलेलं. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईला विचारून तिचं गर्भाशय, बीजकोश, नळ्या सगळं काढलं. कोर्ट म्हणालं ही संमती नव्हेच. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची नाही, आणि ज्याला संमती दिली त्याच्यापलीकडचं ऑपरेशन फक्त तेव्हाच, जेव्हा जीव किंवा तब्येत वाचवायला ते लागतंच आणि पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं नाही. पोट उघडलंच आहे तर आत्ताच उरकून टाकू, पुन्हा खर्च नको, हे कारण चालत नाही.

गड्डा_फॅन: आमच्या मेव्हण्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी बसवली, नंतर पू झाला. तक्रार करायला गेलो तर म्हणे “कोणत्याही परिणामास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत” ह्यावर तुम्हीच सही केलीय. मग सही केली की संपलं का सगळं? आधी ते वाक्य सोपं करा की, लई लोक फसतात त्यात.

होटगी_रोडवाली: ते वाक्य सोपं करण्यासारखं नाहीच, काढून टाकण्यासारखं आहे. सांगितलेला धोका मला कळला, एवढंच सहीतून येतं. हलगर्जीपणा झाला तर तो सहीने माफ होत नाही. पण नुसता पू झाला म्हणजे हलगर्जीपणा असंही नाही, तुमच्या केसमध्ये काय झालं ते कागद बघितल्याशिवाय कोण सांगणार.

जुळे_सोलापूर: मग ते वाक्य तोडून दोन केले तर? आधी पोट उघडायचं, मग बाकीचं.

होटगी_रोडवाली: तोडाच. पोट उघडावं लागणं हे ‘अनपेक्षित’ नाही हो, आम्हाला ते आधीपासून माहीत असतं. सूज खूप असली, आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असली, रक्तस्राव थांबेना, किंवा पित्ताची नळी नीट दिसेना, तर दुर्बिण बाजूला ठेवून बरगडीखाली मोठा छेद घेतात. तेव्हा ते नावानिशी लिहायचं. आणि एक बघा, ‘पोट उघडावं लागू शकतं’ ही नुसती माहिती झाली. त्यात परवानगी नाही. कळलं वेगळं, कबूल वेगळं, दोन्ही लिहायचं. मी असं लिहीन:

“दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढणं धोक्याचं वाटलं तर डॉक्टर पोटावर मोठा छेद घेऊन ती काढतील. मग टाके जास्त पडतील, दुखेल जास्त आणि दवाखान्यात जास्त दिवस राहावं लागेल. हे मला कळलं आहे आणि याला माझी परवानगी आहे.

या ऑपरेशनपेक्षा वेगळं काही करायचं असेल तर मला शुद्धीवर आल्यावर विचारायचं. माझ्या जिवाला किंवा तब्येतीला मोठा धोका असेल आणि तोपर्यंत थांबता येणार नसेल, तरच ते लगेच करायला माझी परवानगी आहे.”

सात_रस्ता: हे लांबलं की ओ. पण ठीक आहे, साहेबांना दाखवतो. नवऱ्याच्या सहीचं मला पटलं नाही, आमच्याकडं सगळे घेतात.

होटगी_रोडवाली: सगळे घेतात हे खरंय. घ्या, पण साक्षीदार म्हणून.

पूर्वभाग: मघाशी ‘पिशवी’चं विचारलं ते राहूनच गेलं. आमच्या गल्लीत बाईनं “पिशवी काढली” म्हटलं की गर्भपिशवीच. विड्या वळणाऱ्या बायका आहेत, घरात तेलुगू, मराठी बाजारापुरती, त्यांना नुसती ‘पिशवी’ वाचून दाखवली तर काय कळणार बोला.

जुळे_सोलापूर: अगदी हेच झालं! काल वॉर्डातल्या मावशींना मसुदा वाचून दाखवला आणि विचारलं, सांगा बरं पेशंटच्या पोटातनं काय काढणार? म्हणाल्या, “गर्भपिशवी. पण वय किती हाय तिचं? पोरंबाळं झाली का?” मी गप्पच.

होटगी_रोडवाली: म्हणूनच दर वेळी पूर्ण ‘पित्ताची पिशवी’ लिहायचं. पहिल्यांदा येईल तिथं ‘लिव्हरच्या खाली असते ती, गर्भपिशवी नव्हे’ एवढं जोडा. शब्द परत परत आला तर येऊ दे. शाळेतला निबंध नाही, एकदा पित्ताशय, एकदा पिशवी, एकदा अवयव असं केलं की वाचणाऱ्याला तीन वस्तू वाटतात. आणि मावशींना विचारलं तसंच पेशंटला विचारा. ‘कळलं का’ विचारलं तर सगळेच हो म्हणतात. काय काढणार, कुठून काढणार, दुर्बिणीनं जमलं नाही तर काय, हे तिच्या तोंडून येऊ दे.

पूर्वभाग: फॉर्मवर एक ओळ पण टाका, “मला हे ___ भाषेत समजावून सांगितलं”, खाली समजावणाऱ्याचं नाव आणि सही. अंगठा असेल तर कागद वाचून कोणी दाखवला तेही.

जुळे_सोलापूर: टाकते. आता धोक्यांचं. पित्ताच्या नळीला इजा, मूळात ‘क्वचित’ आहे. ‘क्वचित’ वाचून लोक शून्यच धरतात.

होटगी_रोडवाली: आकडा लिहा, हजारात तीन ते पाच जणांना होते असं साधारण धरतात. कमी आहे पण झाली तर दुसरं मोठं ऑपरेशन लागू शकतं, म्हणून सांगायचीच. टक्क्यात नको, ‘०.३ टक्के’ला लोक तीन टक्के वाचतात.

सात_रस्ता: आकडा घातला आणि त्या दवाखान्यात जास्त निघाले तर? उद्या तोच कागद वकील नाचवेल.

होटगी_रोडवाली: हं. ‘साधारणपणे’ घातलं तरी हा मुद्दा उरतोच. आमच्या सर्जनचंही यावर एकमत नाही, काहीजण तोंडी आकडा सांगतात आणि कागदावर ‘थोड्या लोकांना’ लिहितात, मला ते पटत नाही.

गड्डा_फॅन: त्या जाळीचं पण लिहा ना कोणीतरी, हर्नियाच्या फॉर्मवर “जाळी” म्हटलं तर मेव्हण्याला वाटलं खिडकीला लावतात तसलं काहीतरी.

जुळे_सोलापूर: हर्नियाचा फॉर्म पुढच्या महिन्यात येणार आहे म्हणे, तेव्हा नवीन धागा काढते. मेव्हण्याला विचारून ठेवा, जाळीला काय म्हटलं असतं तर कळलं असतं.