‘हर इह’मध्ये गुण का होत नाही

> पाणिनीचे नियमही ठरलेल्या क्रमानेच लागतात का?

सगळे नाही, पण ‘अष्टाध्यायी’च्या 32 पादांपैकी शेवटच्या तीनांत, म्हणजे त्रिपादीत, हो. ‘हरे + इह’ घ्या. 6.1.78 या सूत्राने ए चा अय् होतो: हरय् इह. मग 8.3.19 ने य् गळतो (शाकल्याच्या मते, म्हणजे विकल्पाने): हर इह. आता अ-इ शेजारी आले, तरी 6.1.87 चा गुण, म्हणजे अ आणि इ मिळून ए होणं, लागत नाही. कारण 8.2.1 ‘पूर्वत्रासिद्धम्’: त्रिपादीतलं काम आधीच्या नियमांना दिसतच नाही, त्यांच्या लेखी य् अजून जागेवरच आहे. जनरेटिव्ह व्याकरणात हेच ‘गुण आधी, यलोप नंतर’ असा क्रम लावून साधतात. त्याला काउंटरफीडिंग म्हणतात.

दादरच्या वर्गात काहींनी हे नियम चालवणारे प्रोग्रॅम लिहिले; त्यांतल्या ज्यांच्या प्रोग्रॅमने ‘हरेह’ दिलं, त्यांनी बहुधा यलोपानंतर सगळे नियम पुन्हा पहिल्यापासून चालवले असावेत.