उत्तर: जिन्याचं काँक्रीट कमी का पडलं?

> "म्हापशाच्या साइटवर एका फ्लाइटला ०.८३ घनमीटर काढलं होतं, काँक्रीट कमी पडलं. रायझर १६० मिमी, ट्रेड ३०० मिमी, १० पायऱ्या, रुंदी १.२ मीटर, वेस्ट स्लॅब १५० मिमी. चुकलं कुठे?"

भाऊ, पायऱ्या बरोबर धरल्यात, स्लॅबची लांबी आडवी धरलीत. १० ट्रेडचे ३ मीटर ही जमिनीवरची लांबी. स्लॅब तिरका जातो. एका पायरीमागे ०.१६ आणि ०.३० यांचा कर्ण बरोबर ०.३४ मीटर, म्हणून लांबी ३.४ मीटर.

स्लॅब: ३.४ × १.२ × ०.१५ = ०.६१२
पायऱ्या: १० × ½ × ०.१६ × ०.३० × १.२ = ०.२८८

एकूण ०.९० घनमीटर. तुमचा ०.०७ तिथेच गेला.

सेंटरिंगही एकदा तपासा. १५० मिमी ही जाडी उताराला काटकोनात मोजायची. टेप सरळ उभा धरला तर पायरीच्या आतल्या कोपऱ्यापासून खालच्या फळीपर्यंत १७० दिसायला हवेत. आमच्या फोंड्याच्या साइटवर मिस्त्रीने उभेच १५० ठेवले होते. स्लॅब १३२ मिमीचा झाला असता. नशीब, सळ्या बांधताना लक्षात आलं.

११वा रायझर लँडिंगच्या कडेचा, त्याचा त्रिकोण धरू नका. लँडिंग वेगळं मोजा.