गॅदरिंगच्या व्हिडिओतली गाणी का बंद केली? मुख्याध्यापकांचं पत्र आणि आपली चर्चा

ए-१०२ (सातवीचे बाबा): शाळेने गॅदरिंगच्या व्हिडिओची लिंक पाठवली आहे. कुणी पाहिली का? आमच्याकडे निम्मा वेळ आवाजच येत नाही. मोबाइल बदलून पाहिला, टीव्हीवर लावला, तरी तेच.

बी-३०४ (चौथीची आई): तुमचा मोबाइल ठीक आहे दादा, आवाज तिकडूनच बंद केलाय. आमच्या लेकीचा नाच ४१ व्या मिनिटाला आहे. पडदा उघडतो, मुली गिरक्या घेतात आणि सगळं मुकं. महिनाभर रोज संध्याकाळी एकाच कडव्यावर पाय बसवत होती ती. आजीला दाखवायला बसलो तर आजी म्हणाली, "अगं, घुंगरांचा तरी आवाज येऊ दे." फार वाईट वाटलं.

सी-५०१ (काका): शाळेने उगाच घाबरून आवाज काढलेला दिसतोय. शाळेच्या कार्यक्रमाला कॉपीराइट लागत नाही, कायद्यातच तसं आहे.

ए-४०३ (पालक-शिक्षक संघ): काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. मुख्याध्यापकांनी आज मुलांच्या दप्तरातून पत्र पाठवलंय. ज्यांना मिळालं नाही त्यांच्यासाठी टाइप करून टाकते.

"सर्व पालकांस सप्रेम नमस्कार.

स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीत चौदापैकी नऊ कार्यक्रमांची गाणी ऐकू येत नाहीत. हा बिघाड नाही. आवाज आम्हीच बंद केला आहे आणि का, हे आपल्याला कळायला हवं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात गाणी वाजवली, त्यात काही चुकलं नव्हतं. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ५२ मध्ये शाळांना तशी सवलत आहे. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी केलेलं सादरीकरण किंवा तिथे वाजवलेलं रेकॉर्डिंग हा हक्कभंग ठरत नाही. अट एवढीच की समोर विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसंच असावीत. पण ही सवलत सादरीकरणापुरती आहे. तेच गाणं चित्रफितीत उतरवून यूट्यूबवर ठेवलं की त्याची प्रत निघते आणि ते साऱ्या जगाला ऐकवलं जातं. प्रेक्षकांची अट तिथे पाळली जात नाही.

आम्ही आधी २ तास ४० मिनिटांची अख्खी चित्रफीत आवाजासह चढवली होती. थोड्याच वेळात नऊ गाण्यांवर दावे आले. हे दावे माणूस बसून करत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा चढवलेला आवाज गाण्यांच्या मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते, आणि जुळला की मालकाने आधीच ठरवून ठेवलेली कारवाई लागू होते. आठ गाण्यांच्या मालकांनी चित्रफीत राहू दिली होती, पण तिच्यावर जाहिराती लागून उत्पन्न त्यांच्याकडे जाणार होतं. मुलांच्या कार्यक्रमात मध्येच जाहिराती आम्हाला नको होत्या. नवव्या गाण्याच्या मालकाने सरळ बंदीच निवडली होती. साडेचार मिनिटांच्या त्या एका गाण्यामुळे संपूर्ण चित्रफीत कुणालाच दिसेना.

तेवढा भाग कापला असता तर ती मुलंच गेली असती. दुसरं संगीत भरलं असतं तर पावलं आणि ताल यांचा मेळ राहिला नसता. म्हणून आवाज बंद केला. नुसतं गाणं पुसून बोलणं ठेवण्याची सोय यूट्यूबवर आहे. दोन नाटुकल्यांत ती चालली, मुलांचे संवाद शाबूत राहिले. नाचांच्या बाबतीत जमलं नाही, कारण आमचा कॅमेरा सभागृहातल्या स्पीकरचाच आवाज टिपत होता. गाणं, घुंगरं, टाळ्या सगळं एकत्र मिसळून गेलं होतं.

मूळ चित्रफीत आवाजासह शाळेकडे सुरक्षित आहे. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता ती सभागृहात विद्यार्थी आणि पालकांसाठी दाखवू. मुलांची मेहनत आपल्याला मुक्याने पाहावी लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपला,
मुख्याध्यापक"

सी-५०१ (काका): पत्र चांगलं लिहिलंय. तरी एक विचारतो. खाली गाण्याचं नाव आणि कंपनीचं श्रेय दिलं असतं तर चाललं नसतं का? किंवा फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल असं ठेवायचं.

डी-२०२ (व्हिडिओ एडिटिंग करतो): काका, श्रेय देणं म्हणजे परवानगी मिळणं नाही. आणि लिंकवाला व्हिडिओही त्याच तपासणीतून जातो, अगदी खाजगी ठेवला तरी दावा येतो. दहा सेकंद चालतात, तीस चालतात, असं लोक सांगतात तसाही नियम नाही.

एक गोष्ट मात्र सांगतो, कारण दुसऱ्या ग्रुपवर "शाळेचं चॅनेल बंद पडणार" असं फिरतंय. दावा वेगळा आणि स्ट्राइक वेगळा. नुसत्या दाव्याने चॅनेलला धक्का लागत नाही. मालकाने व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर कायदेशीर मागणी केली की स्ट्राइक येतो, आणि ९० दिवसांत असे तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. सरांनी दाव्यांवर वाद घातला नाही ते बरं केलं. "शाळेचा कार्यक्रम आहे" एवढ्या आधारावर भांडत गेलं आणि मालकाने ऐकलं नाही, तर प्रकरण तिथपर्यंत पोचू शकतं.

ए-१०२ (सातवीचे बाबा): पण सहावीच्या मुलांचा अभंगही मुका आहे! तुकोबांच्या शब्दांवर कसला हक्क?

डी-२०२: शब्दांवर कुणाचाच नाही दादा. पण मुलं अभिनय करत होती एका गायकाच्या रेकॉर्डिंगवर. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचा. म्हणजे १९६० साली आलेलं रेकॉर्डिंग २०२० संपताना मोकळं झालं. चाल संगीतकाराने बांधलेली असेल तर तिचा हक्क आणखी वेगळा, त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. म्हणून जुनं रेकॉर्डिंग मोकळं असूनही चाल अडकलेली असू शकते.

बी-३०४: मग मुलांनीच पेटी-तबल्यावर म्हटलं तर?

डी-२०२: पारंपरिक चालीत म्हटलं तर उत्तम, ते रेकॉर्डिंग आपलंच. सिनेमातलं नवं गाणं मुलांनी स्वतः गायलं तर कंपनीच्या रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटतो, पण शब्द आणि चाल राहतातच. ती यंत्रणा चालसुद्धा ओळखते, तेव्हा दावा येऊ शकतो.

पुढच्या वर्षासाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कॅमेऱ्याचं. गाणं लॅपटॉपवरून मिक्सरमध्ये जातं आणि स्टेजचे माइकही तिथेच येतात. या दोन्हींचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचा. मग ऑनलाइन व्हिडिओत गाण्याचा ट्रॅक काढून माइकचा ठेवता येतो. स्पीकरचं गाणं माइकमध्ये थोडं झिरपतंच, पण माइक पायांजवळ ठेवले आणि स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून लावले तर घुंगरं बऱ्यापैकी मिळतील. रेकॉर्डर माझ्याकडे आहे, रंगीत तालमीच्या दिवशी येऊन जोडून दाखवतो.

ए-४०३: हे मी सरांना आजच सांगते. आणि प्रत्येक वर्गाने गाणं निवडतानाच कुठलं रेकॉर्डिंग, कुठल्या साली आलेलं, हे लिहून द्यावं असंही सुचवते. तालमी सुरू झाल्यावर गाणं बदलायला सांगणं मुलांवर अन्याय होतो.

ए-१०२: आपण मोबाइलवर शूट केलेलं?

डी-२०२: घरात बघायला ठेवा. जाहीर पोस्ट केलंत तर हेच प्रश्न तुमच्या खात्यावर येतील.

बी-३०४: ताई, शनिवारी आजीला आणलं तर चालेल का? पत्रात पालक लिहिलंय म्हणून विचारते.

ए-४०३: वहिनी, आत्ताच सरांना फोन केला. तुम्ही दोघं कामावर जाता, रोज ने-आण आजीच करतात आणि शाळेच्या नोंदीत पालक म्हणून त्यांचंही नाव आहे. सर म्हणाले, त्यांना पुढच्या रांगेत बसवा.